अकरा दिवसांचा अर्ज

कळव्याच्या कारखान्यात गुरुदत्त टाइमकीपर होता; हजेरी आणि रजांची नोंद त्याच्याकडे असे. सन एकोणनव्वदच्या जानेवारीत कामगार रजेवरून कुरकुरू लागले, तेव्हा मॅनेजरांनी त्याला कँटीनच्या फळ्यापुढे नियम समजावायला उभं केलं आणि स्वतः दाराशी थांबले.

"कामाचे वीस दिवस भरले की एक पगारी रजा," गुरुदत्त म्हणाला. "पण वर्षात दोनशे चाळीस दिवस भरायला हवेत. आता दामाजीकाकांचंच घ्या. सत्त्याऐंशीत भरले दोनशे ऐंशी, म्हणजे अठ्ठ्याऐंशीला मिळाल्या चौदा. आधीच्या शिल्लक सत्तावीस. एकूण एक्केचाळीस. एकही घेतली नाही. पुढच्या वर्षात जातात फक्त तीस. अकरा बुडाल्या. नोकरी सोडताना शिल्लक रजेचा पगार मिळतो, बुडालेल्यांचा नाही."

चेंदणीच्या कोळीवाड्यातले दामाजी मार्चअखेर निवृत्त होणार होते. ते उठले.

"मागितलेली रजा साहेबानं नाकारली, तर ती पण बुडते?"

गुरुदत्त अडखळला. कायदा त्याला पाठ होता. "नाही. पंधरा दिवस आधी लेखी अर्ज केला असेल आणि तो नाकारला असेल, तर तीसची मर्यादा लागत नाही. ती रजा तशीच पुढे जाते."

"मंग माझ्या अकरा कशा गेल्या? गेल्या वर्सी माझ्या बायकोच्या, जनीच्या डोल्याचं ऑपरेशन व्हतं. महिनाभर आधी अकरा दिवसांचा अर्ज दिला. तूच लिवून दिलास ना रं?"

सगळे गुरुदत्तकडे बघू लागले. अर्ज त्यानेच लिहिला होता. "नाकारलेले अर्ज फायलीत लावू नकोस," असं मॅनेजर म्हणाले, तेव्हा तो फाडलाही त्यानेच. दामाजी कामावर गेले. घरी एकट्या जनीनं चूल फुंकली, पट्टीखाली धूर गेला, डोळा पिकला आणि कायमचा गेला.

मॅनेजर दारातून हलले नव्हते. कोपरला गुरुदत्तनं नुकतंच कर्ज काढून घर घेतलं होतं.

"नोंद नाही, काका," तो म्हणाला.

दामाजी खाली बसले.

एकतीस मार्चला दामाजींचा हिशेब गुरुदत्तनंच मांडला. पुढे आलेल्या तीस, अठ्ठ्याऐंशीतल्या दोनशे साठ दिवसांच्या तेरा, आणि यंदाच्या साठ दिवसांच्या तीन. सोडून जाणाऱ्याला दोनशे चाळीस दिवस न भरताही त्या मिळतात. सेहेचाळीस दिवसांचे, रोज साठ रुपयांप्रमाणे, दोन हजार सातशे साठ. बुडालेल्या अकरांचे आणखी सहाशे साठ हवे होते. ते कुठल्याच रकान्यात नव्हते.

दामाजींनी सही केली, नोटा खिशात घातल्या.

"काका, मी..." गुरुदत्तनं तोंड उघडलं.

"पैशांचं मरू दे. त्या दिवशी सगल्यांसमोर मी खोटा ठरलो. साहेबानं रजा नाकारली, हे जनीला आजूक सांगितलं नाय," दामाजी म्हणाले. "तिला वाटतं, मी रजा मागितलीच नाय. नुसतं सांगून तिला पटायचं नाय, खरं कलायला तुझा कागूद पायजे व्हता."

ते गेले. हिशेबाच्या खिडकीशी पुढचा कामगार येऊन उभा राहिला. त्याला रजेचा अर्ज लिहून हवा होता.