पत्रिकेच्या पोटातली पत्रिका

माझ्या मुलीच्या, चैत्राच्या, लग्नाची पत्रिका पीडीएफमध्ये आली. पाच वर्षांत तिच्याकडून आलेली ही पहिलीच गोष्ट. निमंत्रक म्हणून तिची आई आणि आईचा नवरा. माझं नाव नव्हतं, अपेक्षाही नव्हती.

पण एका पानाची फाईल फारच जड वाटली. बंगळुरात पंचवीस वर्षं मी पीडीएफची सॉफ्टवेअरं लिहिली. ही खोड जात नाही. फाईल कच्च्या रूपात, आतली मांडणी दिसेल अशी, उघडली. पीडीएफ म्हणजे क्रमांक दिलेले तुकडे, आणि कुठला तुकडा कुठे सुरू होतो हे सांगणारी यादी. नुसतं सेव्ह केलं, तर बरेचदा जुनं पुसलं जात नाही. बदललेला तुकडा आणि नवी यादी शेवटी चिकटवली जाते, नि वाचणारा नव्या यादीवर विश्वास ठेवतो.

इथे दोन याद्या होत्या, प्रत्येकीनंतर फाईल संपल्याची खूण. पहिल्या खुणेनंतरचं सगळं मी कापलं आणि उरलेली, म्हणजे बदलाआधीची, पत्रिका उघडली.

निमंत्रक: श्रीमती भारती आणि श्री. शशिधर. शशिधर म्हणजे मी.

तेवढ्यात चैत्राचा फोन आला. "अप्पा, पत्रिका बघितलीत?"

"बघितली. छान आहे."

"आई म्हणाली... जाऊ दे. आज सगळ्यांना पाठवतेय."

"मी पाठवतो ती पाठव. तुझी फाईल उगाच जड झालीय."

"काढलीतच चूक," ती हसली.

तिची पत्रिका मी नव्याने लिहून सेव्ह केली, वापरातले तुकडे तेवढे ठेवून. मग आत शोधून पाहिलं. माझं नाव कुठेच उरलं नव्हतं. पाठवून दिली.