हवंय म्हणून सांगणं

गोरक्षनाथ वाबळे यांनी फाईल मिटली तेव्हा जोएलला कळलं, की आता शेवटचं तेवढं राहिलं. तासभर त्यांनी त्याला चांगलंच पिळून काढलं होतं. कास्टिंगमध्ये बारीक छिद्रं का पडतात, गेज चुकतंय की माप घेणारा चुकतोय हे कसं ओळखायचं, गिऱ्हाईकाची तक्रार आली तर पहिला फोन कुणाला करायचा. जोएल पाटोळेची उत्तरं चांगली गेली होती. आठ वर्षं चाकणला क्वालिटीत घासलेला माणूस तो, या प्रश्नांना थोडाच डगमगणार!

डगमगायचा तो एकाच ठिकाणी, शेवटी. गेल्या वर्षी सुप्याच्या याच कारखान्यात, याच खोलीत, याच जागेसाठी तो शेवटच्या मुलाखतीला बसला होता. समोर हीच दोघं होती, कारखाना चालवणारे वाबळे आणि मनुष्यबळ विभागाच्या शिफा शेख. "काही सांगायचंय?" असं वाबळ्यांनी विचारलं होतं आणि जोएल म्हणाला होता, "थँक यू सर. प्रभूची इच्छा असेल तसं होईल." एवढं बोलून नमस्कार करून तो उठला होता.

त्याच्या घरात सगळे असंच बोलतात. भिंगारला त्यांच्या घरी उद्या भाजी कसली करायची याचं उत्तरसुद्धा "प्रभूची इच्छा" जोडल्याशिवाय पुरं होत नाही. मला पाहिजे असं उघड म्हणणं म्हणजे हावरटपणा, हे त्याला लहानपणीच कुणी न शिकवता आलं होतं. जागा दुसऱ्याला गेली. जोएल म्हणाला, नशीब.

मम्मी मात्र नशीब म्हणाली नाही. पुष्पावतीबाई तीस वर्षं चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलांना उभं राहून बोलायला शिकवत आल्या होत्या. तेव्हा त्यांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. पलंगावर बसून त्यांनी जोएलकडून मुलाखतीतला शब्द न् शब्द काढून घेतला आणि शेवट ऐकून कपाळावर हात मारला.

"आरं, असं म्हणतात का? त्यांना वाटलं असंल, ह्याला यायचंच न्हाई."

"तसं नसतं गं मम्मी. ते मार्क बघतात."

"देवाकडं मागताना नीट मागतोस ना? मग मानसांपुढं तोंड का शिवतोस? आधी आभार मान. मग त्यांच्याकडं काय आवडलं ते सांग, खरं आसंल तेच. आन् मग म्हन, मला इथं काम करायचंय. एवढं बोललास की गप बसायचं."

जोएल हसला होता. म्हातारी माणसं असतातच अशी, म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. आणि तो चाकणला परत गेला. आठवड्यातून तीनदा मम्मीला डायलिसिसला पप्पा नेत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले दानीएल पाटोळे, गुडघे धरून रिक्षात चढायचे आणि मग तिला हात द्यायचे. जोएल रविवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. असं एक वर्ष गेलं.

ते वर्ष संपत आलं आणि तीच जागा पुन्हा निघाली. सगळ्या फेऱ्या नव्याने झाल्या. शेवटच्या मुलाखतीची तारीख कळली त्याच दिवशी मम्मीला दवाखान्यात भरती करावं लागलं, आणि पाच दिवसांनी ती गेली. आज नववा दिवस होता. मातीला आलेल्यांपैकी निम्मे पाहुणे अजून घरात होते. जोएलने मुलाखतीला जाऊ नये, असंच सगळ्यांचं म्हणणं पडलं. फक्त पप्पा म्हणाले, "जा. तिनं सदरा इस्त्री करून ठिवलाय."

"जोएल, एक सांगू का?" शिफा मॅडम म्हणाल्या. बाई बोलायला मऊ होत्या आणि कामाला काटेकोर. "गेल्या वर्षी तिघांत तुमचंच काम सरस होतं. पण शेवटी तुम्ही असं काही बोललात, की आम्हा दोघांनाही वाटलं, तुमचं मन इकडे नाही. नेमून तुम्ही आला नसता तर उत्पादनाची लाईन अडकली असती. म्हणून दुसऱ्याला घेतलं. यावेळी नीट विचार करून आलात ना?"

जोएलने मान हलवली. मम्मी बरोबर होती. अगदी शब्दाला शब्द बरोबर होती. एक वाक्य तो नीट बोलला असता, तर वर्षभर रोज संध्याकाळी सहाला कंपनीच्या बसने भिंगारच्या घरी पोचला असता. डायलिसिसहून आल्यावर तिला थंडी वाजायची, तेव्हा गोधडी घालायला तो असता. हे त्याला आज, नवव्या दिवशी कळत होतं, आणि ज्यांच्यामुळे कळत होतं त्या बाईंचा यात काडीचाही दोष नव्हता. त्याला स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

"आई कशा आहेत आता?" शिफा मॅडमनी विचारलं. "त्यांच्यासाठीच इकडे यायचं, असं यावेळच्या पहिल्या फेरीत म्हणाला होतात."

"वारली, मॅडम. नऊ दिवस झाले."

वाबळ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, मग कळवायचं की. तारीख पुढे ढकलली असती." मग अवघडून, पण विचारायचं ते त्यांनी विचारलंच. "आता तुमचं चाकण सोडायचं कारण राहिलं नाही. काही सांगायचंय का तुम्हाला?"

जोएलने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. सवयीचं वाक्य जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

"सर, मॅडम, तुम्ही दुसऱ्यांदा वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. सकाळी मला लाईन दाखवलीत. तिथं एका मुलीने पार्ट नाकारला आणि सुपरवायझरने तिच्याशी वाद न घालता मशीन थांबवलं. आठ वर्षांत मी असं पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी मी आईसाठी येत होतो, हे खरं आहे. आज ते कारण नाही, आणि तरीही मला इथं काम करायचंय. तुम्ही घेतलंत तर मी नक्की येईन."

आणि तो गप बसला. गप बसणं फार जड गेलं त्याला. पण त्याने पुढे काही जोडलं नाही.

वाबळ्यांनी शिफा मॅडमकडे पाहिलं. त्यांनी हलकेच मान डोलावली.

"नेमणुकीचं पत्र दोन दिवसांत मेलवर येईल," वाबळे म्हणाले. "असं आम्ही समोरासमोर सांगत नाही, पण आज सांगतो. रुजू कधी होता येईल?"

"तीन महिन्यांची नोटीस आहे, सर. ती पुरी करून येतो."

शिफा मॅडमनी फाईलमधला गेल्या वर्षीचा कागद वर घेतला. "इथे तर तुम्ही लिहिलं होतं, नोटिशीचे पैसे भरून पंधरा दिवसांत येतो म्हणून."

"हो, मॅडम," जोएल म्हणाला. "तेव्हा घाई होती."