दोन रेघांची स्लाइड

माझ्या भाच्याचे, रविराजचे, सावेडीत व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास आहेत. दुसऱ्याला घडवायला हल्ली भाड्याचा गाळा पुरतो.

माझी नात दिपाली डेअरीचे शिकलेली. दोन ठिकाणी नकार मिळाले होते. तिसराही नकार आला की स्थळे पाहायची, असे तिच्या वडिलांनी ठरवून टाकले होते. संगमनेरच्या एका डेअरीने मुलाखतीला बोलावले होते. दोन मिनिटांत स्वतःची ओळख, सोबत एकच स्लाइड.

ती रविराजने बनवली. कोटातला फोटो, दहावीपासूनचे टक्के, छंद, 'नेतृत्व' या शब्दापुढे पाच चांदण्या, एक सुविचार आणि कोपऱ्यात क्लासचे नाव. लग्नपत्रिकेतसुद्धा याहून मोकळी जागा असते.

दिपालीने टीव्हीवर स्लाइड लावून माझ्यासमोर सराव केला. बोलून झाल्यावर मला विचारले, काय कळले? मी म्हटले, "तुला प्रवासाची आवड आहे." बाकी मी वाचत बसले होते, ऐकले काहीच नव्हते.

मी शाळेत शिकवायचे तेव्हा आम्ही भूगोलाचा नकाशा वर्गात गुंडाळलेलाच न्यायचो. आधी टांगला की पोरे त्यात अंदमान शोधत बसत आणि बाई भिंतीशी बोलत. तेव्हा हे पोरांनाही ठाऊक होते. आता ते विसरायला फी भरावी लागते.

मग तिने शिकत असताना भंडारदऱ्याकडे केलेल्या कामाचे सांगितले. दुधाचा टेम्पो वर जाताना पायथ्याच्या गावांचे दूध घ्यायचा आणि ते दूध घाट फिरून परत येईपर्यंत नासायचे. हिने टेम्पो रिकामा वर पाठवला आणि उतरताना दूध भरायला लावले. सांगताना ती हवेत बोटे फिरवत होती, आणि माझा गोंधळ वाढत होता.

"हे काढून दाखव," मी म्हटले. "बोटांनी नको."

रविराज शेजारीच होता. "आत्या, स्लाइडवर माणूस दिसला पाहिजे."

"माणूस समोर उभाच असतो रे."

दिपालीने सगळे पुसले. रस्त्याच्या दोन रेघा राहिल्या, जुनी फेरी आणि नवी. वर तिचे नाव. पायथ्याच्या बाया पहिल्या दिवशी भरलेल्या किटल्या घेऊन ताटकळल्या, हिला नको नको ते बोलल्या, आणि मग हिने घरोघर जाऊन धारांची वेळ पुढे ढकलायला लावली, हेही लिहू का, असे तिने विचारले.

"ते तोंडाने सांग. शिव्या तू खाल्ल्यास, त्या रेघेला काय ठाऊक?"

मुलाखतीत तिच्याआधीच्या सगळ्यांच्या स्लाइडवर चांदण्या होत्या म्हणे. हिची लागली तशी साहेबांनी एकदा पाहिली आणि मान हिच्याकडे वळवली. दोन मिनिटे संपल्यावर एकाने विचारले, बाया तयार कशा झाल्या? पुढची सगळी मुलाखत त्यावरच झाली.

नोकरी मिळाली. आठवड्यात रविराजच्या क्लासवर फ्लेक्स लागला: दिपालीचा कोटातला फोटो, टक्के, छंद, सुविचार. चांदण्या आता सहा होत्या.