तान्जुंगबुमीच्या रांजणाची भीती

मित्रांनो, मी मातीचा एक जुना रांजण आहे. मादुरा बेटावर, तान्जुंगबुमी गावात, समुद्राकडे पाठ केलेल्या एका घराच्या मागच्या पडवीत माझा मुक्काम असतो. कंबरेपर्यंत मला जमिनीत पुरलेलं आहे. माझ्या पोटात नीळ असते. जन्मापासून मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भट्टीत शेजारचे तीन रांजण तडकले तेव्हा जी धडकी भरली, ती अजून पुरती गेलेली नाही. मातीच्या भांड्याने घाबरू नये तर कोणी घाबरावं?

माझी मालकीण मिस्नातुन. घरात तिला सगळे एम्बु म्हणतात, म्हणजे आई. तिचा नवरा मार्सुकी लाकडी मालवाहू होडीवर तांडेल होता. होडी मीठ घेऊन कालिमंतानला जायची आणि लाकूड घेऊन परतायची. या गावातल्या बायकांनी नवरे समुद्रावर असताना हात रिकामे राहू नयेत म्हणून मेणाची कलमं हाती धरली. वाट बघणं हाच इथला मूळ धंदा, कापड त्यातून झालं.

ते कापड कसं होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आधी कोरं सुती कापड उंडीचं तेल आणि राखेचं पाणी यांत मुरवायचं, मळायचं, वाळवायचं, पुन्हा मुरवायचं. असं कित्येक दिवस चालतं. मग मधमाशीचं मेण आणि राळ एकत्र वितळवून तांब्याच्या बारीक नळीच्या कलमाने नक्षी काढायची. आधी एका बाजूने, मग कापड उलटून त्याच रेघांवर दुसऱ्या बाजूने. मेण बसलं तिथे रंग शिरत नाही. मग कापड माझ्याकडे येतं. मी थंड असतो, म्हणून माझ्यात मेण वितळत नाही. माझ्यात निळीचा लगदा, चुना, राखेचं पाणी आणि ताडगूळ असतो. गूळ खाऊन नीळ जागी होते. जागी झाली की पाणी हिरवट पिवळं दिसतं, वर तांबूस साय येते आणि निळा फेस धरतो. कापड बाहेर काढलं की ते हिरवं असतं, वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. मग पुन्हा बुडवायचं. महिनोन्महिने. शेवटी मेण उकळून काढायचं, पुन्हा मेण लावायचं आणि आल नावाच्या झाडाच्या मुळाचा लाल रंग चढवायचा. तो निराळ्या भांड्यात, माझा त्याच्याशी संबंध नाही.

माझी देखभाल म्हणजे रोज एक हात. एम्बु सकाळी येऊन काठीने ढवळायची, बोटांवर पाणी चोळून बघायची. बोटं फार बुळबुळीत झाली तर चुना जास्त झाला, आंबट वास आला तर चुना कमी पडला. साय विरली तर गूळ घालायचा. एवढंच माझं आयुष्य, आणि मला ते पुरत होतं.

घरात मयत झाली की आमच्याकडे रांजणावर झाकण ठेवतात आणि चाळिसाव्या दिवसानंतरच उघडतात. एम्बुच्या आईने तिला कारण सांगितलं होतं, मी ते ऐकलं आहे: "रडत्या बाईच्या हाताला चुना कळत नाही. कापड वाया जाण्यापेक्षा झाकलेलं बरं."

मग एक दिवस सुराबाया शहरातून एक चुणचुणीत मुलगी आली. तिची मंडळी कारागिरांचं कापड फोनवरच्या दुकानात मांडून परदेशी विकायची. एम्बुची मुलगी होस्ना तिच्याशी बोलायला बसली.

"ताई, नुसता फोटो नाही चालत," ती मुलगी म्हणाली. "तिकडचे लोक तुम्हाला कधी भेटणार नाहीत. तुम्ही कोण, कापड कशाचं, घरात कोण काय करतं, सगळी गोष्ट लागते."

होस्नाने माझ्या काठाला टेकूनच लिहिलं. तेल, राख, मेण, दोन्ही बाजूंच्या रेघा, सगळं बरोबर. झाकणाचंही लिहिलं. सुराबायाच्या मुलीने वाचलं आणि मान हलवली. "छान आहे. पण हे झाकणाचं आहे ना, ते जरा काळजाला भिडलं पाहिजे."

होस्नाने थोडा विचार केला आणि लिहिलं: 'आमच्या घरातलं कोणी गेलं तर रांजणाला आधी कळतं. त्या दिवसापासून तो रंग देत नाही.'

एम्बुला वाचून दाखवलं तेव्हा ती खो खो हसली. लेकीला ती लाडाने 'बिंग' म्हणते. "अगं बिंग, मी असं कधी म्हटलं? याला आपला तळ फुटलाय का ते कळत नाही, आणि मरण कळणार!"

"एम्बु, लांबच्या लोकांना असंच आवडतं."

मला मात्र तेव्हाच कसंतरी झालं. माझ्या नावावर कोणी काही खपवलं की मला धास्ती वाटते.

गोष्ट चालली. इंग्रिड नावाच्या कुठल्याशा थंड देशातल्या बाईने लांबरुंद कापड सांगितलं. होस्ना तिला फोटो पाठवायची, ती प्रत्येक फोटोखाली लिहायची, 'रांजणाला माझा नमस्कार.' गावातल्या बायकांनीही ती गोष्ट आपापल्या फोनवर वाचली. शेजारची राहवी तर येताजाता माझ्याकडे बघून पदर सावरायला लागली. छापलेलं म्हणजे खरंच असणार, नाही का?

वादळ झालं त्या आठवड्यात इंग्रिडचं कापड माझ्या पोटात होतं. मार्सुकीची होडी बंदराला लागली नाही. फोन लागेना. दुसऱ्या होड्या आल्या, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. राहवी धावत आली, आणि एम्बुजवळ बसायचं सोडून सरळ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याला विचार की! तुझ्याच घरातलं लिहिलंय. कापड काढून बघ. रंग धरला असेल तर मार्सुकीदादा सुखरूप आहे."

"आणि नसेल धरला तर?" एम्बु म्हणाली.

तेव्हापासून माझ्याजवळ कोणी फिरकेना.

मित्रांनो, माझ्या भीतीची कल्पना करा. एम्बु दारापर्यंत यायची, उंबऱ्यावर थबकायची आणि परत जायची. मक्याचा भात ताटात सुकून जायचा. मला ढवळायला कोणी नाही, गूळ नाही, चुना नाही. माझी साय विरली. पाणी आंबट झालं, हिरवट पिवळं होतं ते नुसतं मळकट निळं झालं. नीळ झोपी चालली होती आणि पोटातलं कापड फिकं पडत होतं. मी ओरडून सांगणार होतो की मी उपाशी आहे, मला त्या माणसाचं काही ठाऊक नाही! पण रांजणाला तोंड मोठं असतं, बोलता येत नाही.

या कापडावर आता एका माणसाचं जगणं टांगलं होतं. फिकं निघालं असतं तर एम्बुने त्याच क्षणी माझ्यावर झाकण ठेवलं असतं, बांगड्या काढल्या असत्या आणि वाट बघणं सोडलं असतं. माझ्या उपासमारीमुळे एक जिवंत माणूस मेला असता. मला भट्टीतही इतकी भीती वाटली नव्हती.

एका दुपारी एम्बु झोपली असताना होस्ना आली. तिने वास घेतला आणि तोंडावर हात ठेवला. "या अल्ला, हा तर मरायला टेकलाय." तिने ताडगूळ कोमट पाण्यात विरघळवून ओतला, चुना टाकला, बोटांवर चोळून बघितलं, पुन्हा थोडा टाकला, तळापासून ढवळलं. ढवळताना माझ्याशीच पुटपुटत होती, "काही झालं तरी रंग दे रे. नाहीतर एम्बु खचेल. मीच लिहून ठेवलंय ते, मीच."

ती रोज गुपचूप यायला लागली. नीळ जागी झाली. साय आली, फेस आला. शेवटी एम्बुलाच राहवेना. ती अंगणात ओरडली, "होऊ दे काय व्हायचं ते!" आणि बिस्मिल्ला म्हणून तिने दोन्ही हात माझ्यात घातले.

कापड हिरवंगार वर आलं. वारा लागला. काठापासून मधोमध निळाई सरकत गेली, कुठे डाग नाही, कुठे फिकी पट्टी नाही. इतका खोल रंग मी आयुष्यात कधी दिला नव्हता.

एम्बु हसायला लागली. "आहे! आहे तो! कुठल्यातरी बेटावर झोपा काढत असेल मेला!" राहवीने सगळ्या गल्लीत तांदळाची गोड पेज वाटली. होस्नाने फोटो पाठवला, आणि तिकडून इंग्रिडने लगेच लिहिलं, 'देव पावला. रांजण खोटं बोलत नाही.'

होस्ना मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. दोघांनाही ठाऊक होतं की रंग गुळाने आला होता.

दुसऱ्या दिवशी बंदरावरची माणसं आली. मार्सुकी सापडला होता. वादळाच्या पहिल्याच तडाख्यात तो गेला होता. बावेआन बेटाच्या किनाऱ्याला तो लागला, लोकांनी त्याला तिथेच दफन केलं होतं, आणि अंगठीवरून ओळख पटवली होती. म्हणजे मी साय धरत होतो, फेस आणत होतो, त्या सगळ्या दिवसांत तो मातीत होता.

एम्बु पडवीत आली. तिच्या हातात मुसळ होतं. मी डोळे मिटले असते, असते तर. पण तिने मुसळ खाली ठेवलं, कोपऱ्यातलं लाकडी झाकण उचललं आणि माझ्या तोंडावर ठेवलं. अंधार झाला. वरून तिचा आवाज आला, "एक रात्र हसले रे मी. गल्लीभर पेज वाटू दिली." आणि मग ती रडली. होस्ना तिच्या पायांशी पडून सांगत होती की गूळ मी घातला, मीच घातला. एम्बु म्हणाली, "गुळाचं काय एवढं, बिंग. याला विचारायलाच नको होतं."

ते कापड इंग्रिडकडे गेलं नाही. होस्नाने तिला खरं काय ते कळवलं आणि दुकानातली ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी तिने आजीचं साधं वाक्य घातलं: रडत्या बाईच्या हाताला चुना कळत नाही. सुराबायाच्या मुलीला ते फारसं रुचलं नाही. इंग्रिडचं उत्तर मात्र आलं: तुमच्या हाताला चुना कळू लागेल तोपर्यंत मी थांबते.

चाळिसाव्यानंतर एम्बुने झाकण काढलं. माझं पाणी मेलं होतं. तिने वास घेतला, नाक मुरडलं आणि गुळाची ढेप फोडायला बसली.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंविषयी कुठे काही छान छान वाचलंत तर जरूर वाचा. पण आमच्या अंगी नसलेली विद्या आम्हाला चिकटवू नका, आम्ही फार घाबरतो. आम्हाला रोज एक हात द्या, चुना द्या, गूळ द्या, रंग आम्ही देऊ. आणि तुमच्या शेजारी कोणी बाई कुणाची वाट बघत बसली असेल, तर तिला रांजणाकडे पाठवू नका. तिच्याजवळ जाऊन बसा.