पिवळा दिवा

डायलिसिस विभागात दुपारच्या पाळीला चार मशीन आणि ती एकटी टेक्निशियन. साडेतीनला चार पेशंट आत यायचे. वजन करा, बीपी घ्या, हातात सुया घाला, नळ्या जोडा, की मग पुढचे चार तास त्यांचं रक्त मशीनमधून फिरत राहायचं. त्या चार तासांत उठून जायची सोय नाही. बीपी कधी घसरेल, पायांत गोळे कधी येतील, काही नेम नसतो.

आणि नेमक्या त्याच चार तासांत तिच्या मुलीच्या शाळेचं गॅदरिंग येऊन पडलं होतं. शुक्रवारी, संध्याकाळी पाच.

मुलगी दुसरीत. एका जागी बसणं माहीत नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. ट्रॅफिकवरच्या नाटकात तिला पिवळा दिवा मिळाला होता. लाल आणि हिरव्याला भरपूर बोलायचं होतं. पिवळ्याला एकच वाक्य. ते वाक्य ती दात घासतानासुद्धा म्हणत होती. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर. सासूबाई नातीला घेऊन जाणार होत्या, पण भिंगरीचं टुमणं एकच, "आजी दर वर्षी येते. तू कधी येणार?"

मागच्या वर्षी पाळी होती. त्याच्या आदल्या वर्षीही होती.

सोमवारी तिने इन्चार्ज सिस्टरांना गाठलं. सिस्टर टेबलाशी बसून पुढच्या पंधरवड्याचं ड्यूटीचं वेळापत्रक आखत होत्या. तीस वर्षांची नोकरी, पायांत सूज, आवाजात कायमचा थकवा.

"सिस्टर, शुक्रवारी अडीच-तीन तास हवे होते. मुलीचं गॅदरिंग आहे."

"रजा?"

"रजा नको. चौघांना मशीनवर लावून जाते, काढायच्या आधी परत येते. नाहीतर माझी पाळी सकाळची करा."

सिस्टरांनी चष्मा काढला. "सकाळच्याला विचारलंस?"

सकाळच्या टेक्निशियनला सगळे घड्याळकाका म्हणत. दोनाच्या ठोक्याला तो चप्पल घालायचा, कारण संध्याकाळी तो दुसऱ्या एका सेंटरवर काम करायचा. नियमात बसत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

"विचारलं. म्हणाला, ताई, दुसरं काहीही माग."

"मग मी तरी काय करू? चार पेशंट मशीनवर आणि टेक्निशियन नाही, असं चालेल का? उद्या काही झालं तर तूही गेलीस आणि मीही."

"बरं," ती म्हणाली. वाद घालायलाही अंगात थोडा जीव लागतो. तेवढा तिच्याकडे त्या दिवशी नव्हता.

घरी तिने भिंगरीला "बघते हं" एवढंच सांगितलं. पोरीने मान हलवली. "बघते"चा अर्थ तिला केव्हाच कळून चुकला होता. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि तेच आईला जास्त लागलं.

गुरुवारी पाळी संपताना सिस्टरांनी हाक मारली.

"उद्या सगळ्यांना सव्वाचारपर्यंत लाव. साडेचारला निघ. साडेसातच्या आत इथे हवीस, काढायला. मधले तीन तास मी बसते."

"तुम्ही?"

"का? पंधरा वर्षं ह्याच मशीनवर काढलीत मी. ऑफिसला कळवलंय, अंतर्गत व्यवस्था म्हणून. रविवारी मला एक जण कमी आहे, तेवढे तास तू भरून दे. आणि डॉक्टरांनाही सांगून ठेवलंय. आता तोंडाकडे काय बघतेस, जा घरी."

ती रात्रभर धड झोपली नाही. आनंद तर होताच, पण पहाटे चारला उठून भिंगरीच्या पिवळ्या झग्याची उसवलेली शिवण घालायची होती. डबे, पाणी, सासूबाईंच्या गोळ्या, आणि मग एक वाजता ड्यूटी.

शुक्रवारी सव्वाचारला चौघेही मशीनवर होते. एकेकाची नोंद तिने सिस्टरांना समजावून दिली. पर्स खांद्याला लावली, तोच तिसऱ्या बेडवरचे रिटायर्ड हेडमास्तर म्हणाले, "बाई, डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

बीपी नव्वदच्या खाली. पर्स खाली गेली. तिने उशी काढून त्यांना आडवं केलं, पाय वर घेतले, मशीनचं पाणी काढणं थांबवलं, सलाइन सोडलं. सिस्टरांनी पलीकडून दुसऱ्यांदा बीपी घेतला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर येऊन बघून गेले. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर रंग यायला पाच वाजले.

"आता जा," सिस्टर म्हणाल्या.

"पण पुन्हा घसरला तर?"

"तर मी आहे. जातेस की हाकलू?"

रिक्षा तीन सिग्नलला अडकली. ती शाळेच्या हॉलमध्ये धापा टाकत शिरली तेव्हा पाच चाळीस झाले होते, आणि स्टेजवर प्रमुख पाहुणे अजून शिस्तीचं महत्त्व सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला लांबलेल्या भाषणाचं बरं वाटलं. सासूबाईंनी पदर पसरून खुर्ची धरून ठेवली होती.

ती टेकली. पंख्याचा वारा, मंद उजेड, पाहुण्यांचा एकसुरी आवाज. पहाटे चारपासून पहिल्यांदा तिच्या पाठीला आधार मिळाला होता. एक क्षण डोळे मिटू, असं तिला वाटलं.

टाळ्यांनी ती दचकून जागी झाली. स्टेजवरून तीन दिवे हात धरून आत चालले होते. मधला पिवळा.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं की," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा कोपर मारलं तुला. मग म्हटलं, राहू दे. माणसानं किती ओढायचं."

तिला हसावं की रडावं कळेना. तीन तासांसाठी एवढी खटपट केली आणि त्यातलं एक वाक्य हाती लागलं नाही.

स्टेजमागच्या वर्गात पावडरचा वास आणि पोरांचा गलका होता. भिंगरीच्या गालावर पिवळा रंग ओघळला होता.

"आई, तू आलीस!" आणि लगेच, "तू झोपली होतीस ना? मला वरून दिसलं. तुझी मान अशी पडली होती."

खोटं बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं. ती खाली बसली. "हो गं. झोप लागली. चुकलं माझं."

भिंगरीने थोडा विचार केला. आईला भिंतीशी सरकवलं, समोर जागा मोकळी केली, झगा नीट केला आणि दोन्ही हात पसरून वर्गभर ऐकू जाईल असं ओरडली, "जरा थांबा! घाई करू नका! मी आहे ना मध्ये!"

लाल दिव्याची आई वळून बघायला लागली. हिने टाळ्या वाजवल्या, आणि त्या थांबेनात.

सात पंचवीसला ती विभागात परत आली. सिस्टरांनी बूट काढून पाय स्टुलावर ठेवले होते. दर अर्ध्या तासाच्या नोंदी त्यांच्या सुरेख अक्षरात भरलेल्या होत्या.

"मास्तर ठीक आहेत. कसं झालं?"

"झोप लागली मला. ऐन नाटकात."

सिस्टर अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता म्हणाल्या, "माझा मुलगा दहा वर्षं शाळेत होता. मला झोपायलासुद्धा जाता आलं नाही."

मग त्यांनी बूट चढवले. "पुढच्या वर्षीची तारीख कळली की लगेच सांग. वेळापत्रक करायच्या आधी. आता चल, पहिल्या बेडची वेळ झाली."

तिने हात धुतले, ग्लोव्हज चढवले आणि पहिलं मशीन थांबवायला गेली.