पीआरचं कॅप्शन
सुट्टीवर बेसाला घरी आलेली मैथिली आईसोबत वाटाणे सोलत होती, तेव्हा ऑस्ट्रेलियाहून ईमेल आली. पीआर, म्हणजे तिथं कायम राहण्याचा व्हिसा, मंजूर झाला होता. सहा वर्षं तिनं वाट पाहिली होती. ईमेलसोबतच्या मंजुरीपत्रावर व्हिसाचा नंबर होता, म्हणून सोशल मीडियावर टाकायला पत्राऐवजी स्वतःचा फोटो निवडून तिनं कॅप्शन लिहिलं, ‘शेवटी घर मिळालं.’

आईनं वाचलं. “मंग हे घर काय आहे वं? अन् पासपोर्ट आता त्यायचा का?”

“नाही आई, पासपोर्ट भारताचाच राहते. नागरिकत्व वेगळं.”

मैथिलीनं घराचं ते वाक्य पुसलं. ‘मी भारतीयच’ असं लिहिलं, तर ते तिला ठेवून घेणाऱ्या देशाला टोमणा मारल्यासारखं वाटलं. अखेर जे घडलं तेच लिहिलं: ‘आता मला ऑस्ट्रेलियात कायम राहता येईल. मनापासून आभार. ही बातमी मी आईच्या स्वयंपाकघरात वाचली.’

शहरातल्या महाल भागात राहणाऱ्या मावशीची कमेंट लगेच आली, ‘आता परत कधी येशील?’ मेलबर्नच्या मैत्रिणीनंही तेच विचारलं.

“दोघीयले ‘लवकरच’ म्हण,” आई म्हणाली.

मैथिलीनं तसंच लिहिलं. पण परत म्हणजे नेमकं कुठं, हे तिचं तिलाच कळेना.