मनमिळाऊ

लहान मुलांच्या वॉर्डातल्या एका नर्सचं वार्षिक मूल्यमापन लिहायला मेट्रन बसल्या, तेव्हा त्यांचं डोकं तापलेलंच होतं. नर्सला सगळे ‘गप्पी’ म्हणत, कारण ती तोंड उघडायचीच नाही. गेल्याच महिन्यात शिफ्ट बदलताना तिने एका मुलाला तापाचं औषध दिल्याचं पुढच्या नर्सला सांगितलं नव्हतं. मुलाच्या आईने त्या नर्सचा हात धरला म्हणून दुसरा डोस टळला. इनचार्जच्या जागेसाठी गप्पीचं नाव होतं आणि निवड समिती हाच कागद बघणार होती.

‘निष्काळजी’, मेट्रननी लिहून टाकलं. मग पेन थांबलं. उद्या गप्पीने विचारलं, ‘कधी, कुठे?’, तर एका महिन्याच्या रागावर वर्षाचा निकाल कसा लावायचा?

त्यांनी वॉर्डातली वर्षभराची कागदपत्रं मागवली. तोंडी सांगायचं राहून गेल्याचे आणखी दोन प्रसंग सापडले. पण तिन्ही वेळा औषधाची नोंद तक्त्यावर वेळेसकट होती. निष्काळजी बाई असं लिहून ठेवत नाही. मेट्रनना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी तो शब्द खोडला आणि लिहिलं: ‘नोंदी अचूक. मात्र शिफ्ट बदलताना दिलेली औषधं तोंडी सांगणं तीनदा राहिलं. एकदा दुसरा डोस थोडक्यात टळला. यापुढे प्रत्येक मुलाच्या खाटेपाशी उभं राहून तक्ता वाचून दाखवावा.’

आणि त्याच्या वर: ‘पावसाळ्यात एका तान्ह्या बाळाचा श्वास बदललेला मॉनिटर वाजण्याआधी ओळखला, डॉक्टरांना लगेच बोलावलं. बाळ वाचलं.’

दुसऱ्या दिवशी गप्पी समोर बसून वाचू लागली. नजर आधी खालच्या ओळींवरच गेली. “मॅडम, एवढं काढा ना. जागा हातची जाईल माझी.”

“खोटं आहे का?”

“नाही.”

“मग राहू दे. हे काढलं तर वरचंही कोणी खरं मानणार नाही.”

गप्पीने वरचं वाचलं. पुन्हा वाचलं. तिचे डोळे भरून आले.

“हे बाळाचं तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं की. तुझं असं दरवर्षी काही ना काही असतंच.”

“मग दरवर्षी ‘मेहनती, मनमिळाऊ’ एवढंच का लिहिलंत?” तिचा आवाज कधी नव्हे तो चढला. “दोनदा माझं नाव मागे पडलं. समितीतले म्हणाले, कागदावर तुमचं विशेष काही दिसत नाही. मला वाटलं, माझ्यातच काही नसेल.”

कोणाला दुखवायचं नाही म्हणून मेट्रन सगळ्यांनाच मनमिळाऊ लिहीत आल्या होत्या.

गप्पीने डोळे पुसले, एकही ओळ न बदलता सही केली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. सहीसाठी त्यांनी पेन उचललं खरं, पण मागच्या वर्षांच्या ‘मनमिळाऊ’ कागदांखालच्या स्वतःच्या सह्या आठवून हात काही केल्या चालेना.